प्रवासात बोलून ठेवलेली रोजनिशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टातल्या एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. चार वर्षांपासून माझी रोजनिशी मी आधी बोलते आणि मग लिहिते. मैत्रिणींना आणि ओळखीच्यांना हे कळलं की ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी मराठीतच बोलते आणि मराठीतच लिहिते, त्यामुळे इथलं सगळं मराठीपुरतं आहे.

लोकलमध्ये इतक्या गर्दीत बोलता कसं?

लोकलमध्ये मी बोलत नाही. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर 48 किलोमीटर आहे आणि फास्ट गाडीलाही तासाभराच्या आसपास लागतो. एवढा वेळ हाताशी आहे म्हणून सुरुवातीला मी तिथेच बोलून पाहिलं. महिलांच्या डब्यात रोजची गाडी म्हणजे रोजचीच माणसं. शेजारी बसलेली बाई आपलं ऐकते आहे हे जाणवलं की माणूस आपोआप ऐकवण्यासारखंच बोलायला लागतो. त्या दिवसांतली रेकॉर्डिंग आता ऐकली की त्यात मी सगळ्यांशी फार समजूतदारपणे वागलेली दिसते. ते खरं नव्हतं.

आता बोलायची जागा म्हणजे संध्याकाळी कार्यालयातून स्टेशनपर्यंत चालायची बारा-चौदा मिनिटं. त्यातली चार-पाच मिनिटं बोलणं होतं. फोन कानाला लावून बोलते, त्यामुळे रस्त्यावर कोणाला काही वेगळं वाटत नाही, आणि फोनचा माइक तोंडाजवळ आल्यामुळे आवाजही स्वच्छ येतो. गाडीतला वेळ कच्चा मजकूर दुरुस्त करायला वापरते. संध्याकाळी बोललेलं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत हातात घ्यायचं, असा क्रम बसला आहे.

ज्यांना चालणं नाहीच, घरातून रिक्षा आणि रिक्षातून थेट गाडी, त्यांनी गाडीत पूर्ण नोंद बोलू नये असं मला वाटतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, गाडी यायच्या आधी, दोन मिनिटं बोलावं. दोन मिनिटांत बरंच मावतं.

गाडी किंवा स्कूटर चालवताना बोललं तर?

स्कूटरवर नाही, कोणत्याही पद्धतीने नाही. मोटार चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे धरलं आहे. आणि फोन हातात नसला तरी मनातली गोष्ट सांगताना लक्ष रस्त्यावरून जातं, विशेषतः आवाज भरून येईल अशी गोष्ट असेल तेव्हा. गाडी लावल्यावर, उतरायच्या आधी, इंजिन बंद करून बोला. बंद गाडीची काच वर असली की रेकॉर्डिंग फार छान होतं.

कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून थेट बोललं की मराठीत टाइप होतं. मग वेगळं रेकॉर्ड कशाला करायचं?

2017 साली गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करण्याची सोय आणली, तेव्हापासून ही सवय पुष्कळांना आहे. निरोप धाडायला ती उत्तम आहे. रोजनिशीसाठी मी ती वापरत नाही, त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे थांबणं. मनातलं बोलताना माणूस थांबतो, काही सेकंद गप्प राहतो. कीबोर्डला वाटतं बोलणं संपलं, आणि तो ऐकणं बंद करतो. मग तुम्ही पडद्याकडे बघता, तिथे चुकीचा शब्द दिसतो, तो दुरुस्त करायला जाता आणि सांगायची गोष्ट राहून जाते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. थेट टाइप केलं की आवाज उरत नाही. आठ दिवसांनी ओळ वाचताना शंका आली की आपण खरंच असं म्हणालो का, तर पडताळायला काही नसतं. पुढे उदाहरणात दिसेल की एका गाळलेल्या शब्दाने पूर्ण नोंद उलटी होते. म्हणून फोनमधला साधा रेकॉर्डर लावायचा, फोन खिशातल्यासारखा विसरायचा आणि बोलायचं. थांबलात तरी तो थांबत नाही, आणि त्या थांबण्याचाही पुढे उपयोग असतो.

इअरफोन कोणता घ्यावा?

आहे तो चालेल, पण आधी एक चाचणी करा. रेकॉर्डिंग सुरू करून इअरफोनच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर तसंच करा, आणि ऐका. खरखर कुठली मोठी येते त्यावरून कळेल की खरं कोण ऐकतंय. काही रेकॉर्डर बिनतारी इअरफोन कानात असूनही फोनचाच माइक वापरतात. तो फोन पर्समध्ये असला की रेकॉर्डिंगमध्ये पर्स ऐकू येते, तुम्ही नाही. मला हे आठवडाभराची रेकॉर्डिंग वाया गेल्यावर कळलं.

तारेचा इअरफोन असेल तर माइक ओढणीला घासणार नाही असा धरा. एक कान मोकळा ठेवा, रस्ता ओलांडायचा असतो. पावसाळ्यात छत्रीवर पडणाऱ्या सरींचा आवाज बोलण्यावर मात करतो, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. जोराचा पाऊस असला की मी निघण्याआधी कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून बोलते.

बोलायला सुरुवात कशी करायची? फोन कानाला लावला की काही सुचत नाही.

"आज काय काय झालं" असा प्रश्न स्वतःला विचारलात तर सकाळपासूनची यादी सुरू होते आणि चार मिनिटं यादीतच जातात. मी आधी वार आणि जागा बोलते, मग आज जे डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं त्यातलं एक काहीतरी. कोणाचं वाक्य, एखादी वस्तू. तिथून पुढे बोलणं जाईल तिकडे जाऊ देते. सुरुवातीला थोडी कामाची यादी येतेच, तिला अडवत बसू नये, ती घसा मोकळा करण्यासारखी असते.

एक युक्ती फार कामाची आहे. बोलता बोलता आपल्यालाच जाणवतं की हे महत्त्वाचं होतं. त्या वेळी एक ठरलेला शब्द उच्चारायचा, म्हणजे मजकुरात तो शोधता येतो. मी आधी "खूण" म्हणत असे, पण ते "खून" असं उमटायचं. आता "चांदणी" म्हणते. रोजच्या बोलण्यात सहसा न येणारा आणि यंत्राला नीट ऐकू जाणारा कुठलाही शब्द चालेल.

रेकॉर्डिंगचा मजकूर कसा करायचा?

मी तीन प्रकारे केलं आहे.

सगळ्यांत सोपा प्रकार म्हणजे स्वतःच परत बोलणं. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडायचं, `Tools` मधून `Voice typing` निवडायचं, भाषा मराठी करायची. कानात इअरफोन घालून आपलं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि तेच शब्द शांत खोलीत पुन्हा उच्चारायचे. टीव्हीच्या थेट कार्यक्रमांना अक्षरपट्टी देणारेही अनेक ठिकाणी असंच करतात: ऐकतात आणि स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणतात. यात रस्त्याचा आवाज गळतो आणि चुका बऱ्याच कमी होतात. मोह एकच टाळायचा, परत बोलताना वाक्य सुधारायचं नाही. जसं म्हटलं होतं तसंच म्हणायचं.

दुसरा प्रकार म्हणजे लॅपटॉपवर व्हिस्पर हा मुक्त प्रोग्राम चालवणं. ओपनएआयने तो 2022 मध्ये खुला केला. एकदा बसवून मॉडेल उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, म्हणजे आपला आवाज घराबाहेर जात नाही. आज्ञा एवढीच:

```
whisper 2025-02-20.m4a --language Marathi --model medium
```

भाषा सांगायला विसरू नका. न सांगितल्यास तो पहिल्या तीस सेकंदांवरून अंदाज करतो, आणि मराठीला हिंदी समजू शकतो. लहान मॉडेल मराठीत फार चुकतं, मधलं बरं आहे, पण साध्या लॅपटॉपवर ते हळू चालतं. मी रात्री लावून देते आणि सकाळी फाइल फोनवर घेते. याची एक खोड माहीत असायला हवी. तुम्ही बराच वेळ गप्प असलात किंवा नुसता रस्त्याचा आवाज असला, तर तो कधी कधी न बोललेलं वाक्य लिहितो, किंवा एकच वाक्य चार-पाच वेळा उमटवतो. सारखं तेच वाक्य दिसलं की समजावं, तिथे आपण गप्प होतो.

तिसरा प्रकार हाताने टाइप करणं. चार मिनिटांच्या बोलण्याला मला पंचवीस मिनिटं लागतात. फार जवळच्या गोष्टीसाठी मी अजूनही तेच करते.

मराठीत यंत्र नेमकं कुठे चुकतं?

उच्चार जवळचे असलेले शब्द बदलतात. नात्याच्या शब्दांत हे फार होतं, आणि रोजनिशी तर नात्यांचीच असते. "वहिनी"ची "वाहिनी" होते, "दिराचा" ऐवजी "धीराचा" येतं, "आत्या म्हणाली" हे "आता म्हणाली" होतं. यातलं शेवटचं सर्वांत फसवं, कारण वाक्य वाचायला ठीक वाटतं आणि एक माणूस त्यातून नाहीसं होतं.

विरामचिन्हं बहुधा येतच नाहीत, किंवा भलत्या जागी येतात. साडेतीन, अडीच यांचं कधी आकड्यात, कधी अर्धं अक्षरी अर्धं आकडी असं काहीतरी होतं. गाडीत बोललात तर "पुढील स्टेशन घाटकोपर" हेही तुमच्या मनोगतात येतं. जुन्या नोंदींतल्या अशा घोषणा मी काही ठिकाणी ठेवल्या आहेत. आपण काय बोलत असताना घाटकोपर आलं, हे कळतं.

पण मी सर्वांत आधी शोधते तो शब्द "नाही". मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेवटी आपला आवाज खाली जातो. तेवढ्यात हॉर्न वाजला की "नाही" गेलं. "मी बोलले नाही" याचं "मी बोलले" होतं. व्याकरण बरोबर असतं, शुद्धलेखन बरोबर असतं, म्हणून वाचताना डोळा अडखळत नाही. म्हणून कच्चा मजकूर एकदा तरी रेकॉर्डिंग ऐकत वाचायचाच, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट ऐकायचा. हे बोलल्यापासून दिवसभराच्या आत करावं. नंतर आपल्यालाही आठवत नाही.

एखादी नोंद कच्च्यापासून पक्क्यापर्यंत दाखवाल का?

ही 20 फेब्रुवारी 2025 ची, गुरुवारची. फोर्टातून सीएसएमटीकडे चालताना बोललेली. यंत्राने दिलेला मजकूर असा होता:

> हां तर आज काय झालं म्हणजे ऑफिसात तसं काही विशेष नाही जीएसटीचं ते रिटर्न शेवटची तारीख होती भरून झालं साडे 3 वाजता आणि मग हां दुपारी धीराचा फोन आला होता म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला वाहिनी आईचं मशीन भंगारात देऊ का जागा अडते मी म्हटलं दे म्हणजे पटकन म्हटलं मी कारण समोर डबा उघडा होता आणि सगळ्याजणी थांबल्या होत्या आणि मग नंतर ते म्हणजे असं झालं की आत्ता निघताना आठवलं की त्या मशीनवर आईंनी माझं ते पहिलं ब्लाऊज म्हणजे लग्नानंतरचं शिवलं होतं आणि मला बाही घट्ट झाली तर त्यांनी उसवून रात्रीत परत आणि मी दे म्हटलं आईंना विचारलं त्यांना आता दिसत नाही नीट पण मशीन कुठे आहे ते त्यांना माहीत असतं जाता येता हात लावून बघतात चला सिग्नल

पहिल्या फेरीत ऐकत ऐकत फक्त शब्द दुरुस्त केले. धीराचा म्हणजे दिराचा, वाहिनी म्हणजे वहिनी. मग "आईंना विचारलं" इथे आले. छापल्यासारखं वाचलं तर मी सासूबाईंना विचारलं होतं, म्हणजे सगळं ठीकच होतं. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी बसचा हॉर्न आहे आणि त्याच्याखाली माझा आवाज: "विचारलंच नाही". "च" आणि "नाही", दोन्ही गेलं होतं. त्याच्याआधी तीन सेकंद मी काही बोललेले नाही, हेही ऐकूनच कळलं. मजकुरात शांततेला जागा नसते.

दुसऱ्या फेरीत पूर्णविराम दिले आणि "हां", "म्हणजे", "असं झालं की" काढले. सगळे "म्हणजे" काढायचे नाहीत. "लग्नानंतरचं" याआधीच्या "म्हणजे"ने नुसती माहिती दिली होती, तो गेला. "म्हणजे पटकन म्हटलं मी" यात मी स्वतःची सफाई देत होते. ती सफाई वाक्यात उरली पाहिजे, मग शब्द गेला तरी हरकत नाही.

तिसऱ्या फेरीत ठरवलं की ही नोंद कशाची आहे. आवाज जिथे थांबला, तिथली आहे. म्हणून जीएसटीचं रिटर्न गेलं, आणि "विचारलंच नाही" हे वाक्य नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला आणलं. डबा मात्र राहिला, कारण घाईचं कारण तोच होता.

> गुरुवार, संध्याकाळ. फोर्टातून स्टेशनकडे.
>
> दुपारी जेवणाच्या सुट्टीत दिराचा फोन आला. "वहिनी, आईचं मशीन भंगारात देऊ का? जागा अडते." मी म्हटलं, "दे." पटकन म्हटलं, कारण समोर डबा उघडा होता आणि सगळ्याजणी थांबल्या होत्या.
>
> लग्नानंतरचं माझं पहिलं ब्लाऊज आईंनी त्या मशीनवर शिवलं होतं. बाही घट्ट झाली, तर उसवून रात्रीत परत शिवलं. हे आत्ता निघताना आठवलं.
>
> आईंना विचारलंच नाही. त्यांना आता नीट दिसत नाही, पण मशीन कुठे आहे ते माहीत असतं. जाता-येता हात लावून बघतात.
>
> (शुक्रवार, सकाळची गाडी: रात्री दिराला फोन करून थांब म्हटलं. आईंशी बोलणं अजून व्हायचं आहे.)

यात नवीन शब्द किती घातले ते पाहा. "परत" नंतर बोलताना वाक्य तुटलं होतं, तिथे "शिवलं" घातलं. बाकी जवळजवळ सगळं बोललेलंच आहे. कंसातली ओळ शुक्रवारची, म्हणून शुक्रवारच्या नावाने. ती गुरुवारच्या मजकुरात मिसळली असती, तर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे उपाय होता असं दिसलं असतं. त्या संध्याकाळी तो नव्हता.

या सगळ्याला ठाण्यापासून दादरपर्यंतचा वेळ पुरला.

"मला अपराधी वाटलं" असं एखादं वाक्य शेवटी घालावं का? नाहीतर ते नुसतं घटनेचं वर्णन होतं.

बोलताना म्हटलं असेल तर ठेवा, नसेल तर घालू नका. वरच्या नोंदीत मी तो शब्द उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तो घालणं म्हणजे शुक्रवारच्या बाईने गुरुवारच्या बाईला काय वाटलं ते ठरवणं. मला नंतर काही सुचलंच तर मी ते तारीख घालून खाली लिहिते. काही नोंदींखाली असे तीन-तीन तारखांचे थर साचले आहेत, आणि त्या मला माझ्या सगळ्यांत चांगल्या नोंदी वाटतात.

"केलं, गेलं" असं लिहावं की "केले, गेले"? बोलीतले शब्द सुधारावेत का?

बोललात तसं लिहा. यंत्र कधी "केलं" देतं, कधी "केले", त्यातलं एक धरून सगळीकडे सारखं करा. मी अनुस्वाराचं रूप ठेवते, कारण माझ्या तोंडात तेच आहे. "केले" केलं की तीच नोंद कार्यालयाच्या इतिवृत्तासारखी वाचली जाते.

घरची बोली असेल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, तर यंत्र ती ओढून प्रमाण मराठीत आणतं. ती परत आपल्या रूपात न्या. माझ्या एका सहकारी बाईंचं माहेर धुळ्याकडचं. आईशी झालेलं बोलणं त्या अहिराणीतच सांगतात, आणि तेवढ्या ओळी हाताने लिहितात. यंत्राने दिलेल्या ओळींत आईचा आवाज राहत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. इंग्रजी शब्दही तसेच: तुम्ही "टेन्शन" म्हणालात तर "ताण" करू नका.

रोजच्या रोज हे सगळं जमतं?

बोलणं आठवड्यात चार दिवस होतं. त्यातल्या फार तर दोन नोंदी मी पक्क्या करते. उरलेल्यांसाठी एकच ओळ लिहिते, नुसती काय होतं त्याची: "मंगळवार, लिफ्ट बंद, शिपायाच्या मुलीचा निकाल." पण "नाही" तपासण्याचं काम त्या ओळीसाठीही करते. चुकीची ओळ असण्यापेक्षा नसलेली बरी.

कुठली पक्की करायची हे ठरवायला मी मजकूर वाचत नाही, रेकॉर्डिंग थोडं पुढे ढकलत ऐकते. जिथे वेग कमी झाला, आवाज बदलला किंवा मीच "चांदणी" म्हटलं, ती निवडते. कधी असं काहीच सापडत नाही. त्या आठवड्यात पक्की नोंद नसते.

दुसऱ्यांविषयी बोललेलं बाहेर गेलं तर?

ही काळजी योग्य आहे. आधी आपलं साधन आवाज कुठे पाठवतं ते पाहा. फोनचं इंटरनेट पूर्ण बंद करा आणि मराठीत बोलून टाइप होतं का बघा. होत नसेल तर तुमचा आवाज दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन मजकूर होऊन परत येतो. बाजाराची यादी असेल तर चालेल. जावेच्या आजारपणाबद्दल असेल तर मला चालत नाही, तेव्हा मी लॅपटॉपवरचा प्रकार वापरते किंवा हाताने लिहिते.

रस्त्यावर बोलताना मी नावं घेत नाही, नातं म्हणते. कार्यालयातल्या माणसांना त्यांच्या टेबलावरून ओळखते: खिडकीजवळच्या बाई, पंख्याखालचे. फोर्टात आपल्या मागून कोण चालतंय ते सांगता येत नाही. आणि रेकॉर्डर आपोआप क्लाउडवर प्रत ठेवतो का, ते त्याच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या. घरातल्या सगळ्यांचं एकच खातं असेल तर ती प्रत सगळ्यांना दिसते.

स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मजकुरावर भागवलं तर चालेल?

पहिले दोन आठवडे मलाही ऐकवत नव्हता. आपला आवाज आपल्याला एरवी हवेतून आणि डोक्याच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. ऐकत राहिलं की सवय होते. अगदीच नको असेल तर निदान "नाही" असण्याची शक्यता आहे तेवढे वाक्यांचे शेवट ऐका, आणि सगळी नात्याची नावं.

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं?

फोनच्या रेकॉर्डरची फाइल दर मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत असते, त्यामुळे जागेची अडचण नाही. मी पक्क्या केलेल्या नोंदींची रेकॉर्डिंग ठेवते, बाकीची महिनाअखेरीला काढून टाकते. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे `2025-02-20.m4a`, असं दिलं की त्या आपोआप क्रमाने लागतात, आणि मजकुराच्या फाइललाही तेच नाव द्यायचं.

त्या गुरुवारची फाइल चार मिनिटं अकरा सेकंदांची आहे. मशीन अजून खिडकीखाली आहे. आईंना विचारलं तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मार्चमधल्या एका फाइलमध्ये आहे. ती नोंद मी अजून पक्की केलेली नाही, तिच्यात थांबणं फार आहे.